पत्र्यावरचा पाऊस आणि खालचा संवाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात कौलं काढून पत्रे घातलेली घरं आता गावोगावी आहेत आणि शूटिंग पावसाळ्यात निघालं की पत्र्यावर वाजणाऱ्या पावसातून खालचं बोलणं साफ कसं करायचं, हा प्रश्न हमखास येतो. खालची उत्तरं मी एका कामाच्या आधाराने दिली आहेत. जुलै महिना, सिंधुदुर्गातलं एक घर, माजघरावर पन्हाळीचे पत्रे. आजी सुपात तांदूळ निवडते आहे आणि नातू तिच्याशी बोलतो आहे, असा चार मिनिटांचा प्रसंग. सुरुवातीला बाहेर रिपरिप होती, शेवटच्या चाळीस सेकंदांत जोराची सर आली. आजीच्या पदराआड कपड्याला लावायचा छोटा लेपल माइक होता आणि वर दांडीवरचा बूम माइक होता. संकलनानंतर हा आवाज माझ्याकडे साफ करायला आला.

पाऊस पूर्ण काढता येतो का?

नाही. हे आधी मान्य केलं तर पुढचं काम नीट होतं.

आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर ध्वनीचे शेकडो बारीक पट्टे पाडतं. ज्या पट्ट्यात त्या क्षणी फक्त पाऊस दिसतो, तो पट्टा ते खाली दाबतं. ज्या पट्ट्यात बोलणं पावसापेक्षा जोरात आहे, तिथे ते हात लावत नाही, कारण तिथे दाबलं तर बोलणंही दबेल. म्हणजे दोन शब्दांमधला पाऊस निघतो, पण शब्दाच्या खालचा बराचसा पाऊस तिथेच राहतो. तो आपल्याला ऐकू येत नाही एवढंच, कारण आवाजाने तो झाकलेला असतो.

म्हणून माझं उद्दिष्ट कायम एकच असतं. पाऊस थोडा कमी करायचा आणि तो सगळीकडे सारखा करायचा. सारखा पडणारा पाऊस प्रेक्षक दोन वाक्यांत विसरून जातो. शब्दागणिक येणारा आणि जाणारा पाऊस मात्र शेवटपर्यंत टोचत राहतो.

दुसरंही एक कारण आहे. पत्र्याखाली माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. पाऊस पुरता काढलात तर शांत माजघरात आजी नातवावर ओरडते आहे असं वाटेल.

साध्या पावसापेक्षा पत्र्याचा पाऊस एवढा चिवट का?

कारण तो एक आवाज नसून तीन आवाज असतात आणि तिघांचं औषध वेगळं आहे.

पहिला म्हणजे सतत चालणारा घोष. हजारो थेंब एकमेकांत मिसळले की वेगळा थेंब कानाला कळत नाही, एकसंध सळसळ होते. ती जवळपास सगळ्या कंप्रतांवर पसरलेली असते, म्हणजे बोलण्याच्या बरोबर अंगावर. दुसरा म्हणजे सुटे जाड थेंब. पाऊस मंदावला, किंवा पत्र्यावर झाड असलं, की टप्प करून एकेक थेंब पडतो आणि त्या आघाताने पत्रा आपल्या सुरात क्षणभर वाजतो. तिसरा आवाज म्हणजे पागोळ्या. पत्र्याच्या कडेवरून अंगणातल्या पाण्यात, किंवा खाली ठेवलेल्या घंगाळात, पडणारी धार. तिला ठरावीक लय असते आणि ती बहुधा खिडकीच्या बाजूने येते.

घोषावर डिनॉइज, म्हणजे वर सांगितलेलं पट्टे दाबणं, चालतं. थेंबांवर ते चालत नाही, तिथे एकेक थेंब वेचावा लागतो. पागोळ्यांना मी शक्यतो हात लावत नाही. त्या ऐकू आल्या की प्रेक्षकाला पाऊस बाहेर आहे हे कळतं आणि त्यांचा शब्दांना फारसा त्रास होत नाही.

काम हाती घेण्याआधी काय बघायचं?

बोलणं आणि पाऊस यांच्यात किती अंतर आहे ते. मीटर लावून आधी बोलतानाची सरासरी पातळी बघा आणि मग दोन वाक्यांच्या मधली. मीटरवर शून्य म्हणजे कमाल आवाज, म्हणून आकडे उणे येतात.

आमच्या प्रसंगात लेपलवर आजीचं बोलणं उणे २४ डेसिबलच्या आसपास होतं आणि रिपरिपीतला पाऊस उणे ३९ वर. म्हणजे अंतर १५ डेसिबल. बूमवर हेच अंतर जेमतेम १० होतं. सर आल्यावर लेपलवरचा पाऊसही उणे ३१ वर चढला, आणि अंतर उरलं ७.

माझ्या अनुभवात १५ किंवा जास्त अंतर असेल तर काम चांगलं होतं. १० च्या आसपास असेल तर निभावून नेता येतं. त्याखाली शब्द कळतील, पण आवाज खराब झाल्याचं लपणार नाही. त्यामुळे शेवटची चाळीस सेकंदं साफ करण्यात मी वेळ घालवणार नाही, हे पहिल्या दहा मिनिटांतच दिग्दर्शकाला सांगितलं. हे दोन दिवस घासून झाल्यावर सांगण्यापेक्षा तेव्हाच सांगणं बरं.

बूम घ्यायचा की लेपल? दोन्ही मिसळले तर?

एरवी मला बूमचा मोकळा आवाज आवडतो, पण पत्र्याखाली लेपल घेतो. पाऊस खोलीभर सगळीकडे जवळपास सारखाच भरलेला असतो. बोलण्याचं तसं नसतं. माइक तोंडाच्या निम्म्या अंतरावर आणला की बोलणं सुमारे ६ डेसिबलने चढतं आणि पाऊस आहे तिथेच राहतो. लेपल तोंडापासून वीतभर अंतरावर असतो, बूमला चौकटीबाहेर राहावं लागतं. हा फायदा नंतर कुठलंही सॉफ्टवेअर फुकट देत नाही.

लेपलचा आवाज थोडा कोंदट वाटतो, शिवाय लुगड्याची घसट येते. कोंदटपणा ईक्यूने, म्हणजे जाड-बारीक सुरांचं प्रमाण बदलून, कमी होतो. घसट जिथे असेल तेवढाच शब्द बूमवरून घ्या. पण दोन्ही माइक एकदम उघडे ठेवू नका. दोन ठिकाणचा पाऊस एकत्र येतो आणि बोलणं दोन माइकवर किंचित पुढेमागे पोहोचत असल्याने पिंपात तोंड घालून बोलल्यासारखं होतं.

सुटे थेंब कसे काढायचे?

हे काम डिनॉइजच्या आधी करायचं. थेंब तसेच ठेवून डिनॉइज केलं की मागचा घोष खाली जातो आणि थेंब मात्र उघडे पडून आधीपेक्षा टोकदार ऐकू येतात.

स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, उघडा. त्यात वेळ डावीकडून उजवीकडे आणि जाड-बारीक सूर खालून वर दिसतात. थेंब म्हणजे खालून वरपर्यंत गेलेली बारीक उभी रेघ. नीट बघितलंत तर रेघेच्या पायथ्याशी उजवीकडे आडवी शेपटी दिसेल. तो पत्र्याचा सूर. नुसती रेघ काढली आणि शेपटी ठेवली तर 'टप्प' जाऊन 'म्म' उरतं, म्हणून दोन्ही एकत्र निवडून आजूबाजूच्या आवाजाने भरून घ्या.

De-click सारखं स्वयंचलित अवजार अख्ख्या ट्रॅकवर चालवायचा मोह होतो. तो आवरा. ट, त, क, प ही व्यंजनंसुद्धा उभ्या रेघाच असतात आणि अवजाराला आजीचा 'ट' आणि पत्र्यावरचा थेंब यांतला फरक कळत नाही. मी ते फक्त शब्दांच्या मधल्या जागांवर चालवतो. एखाद्या लांब स्वरावर थेंब पडला असेल, म्हणजे 'हो' म्हणताना 'ओ'च्या मध्यावर, तर तो हाताने काढतो. व्यंजनावरच पडलेला थेंब सोडून देतो. तो कुणाला ऐकू येत नाही. चार मिनिटांच्या प्रसंगात असे साठेक थेंब निघाले आणि त्यात अर्धा दिवस गेला.

पावसाचा नमुना कुठून घ्यायचा?

काय दाबायचं हे डिनॉइजला कळावं म्हणून नुसत्या पावसाचा एक तुकडा दाखवावा लागतो, तो नमुना. ज्या वाक्याला साफ करायचं, त्याच्या शेजारून तो घ्या. बरेच जण फाईलच्या सुरुवातीचे दोन सेकंद घेतात आणि तोच नमुना सगळीकडे लावतात. पंख्याच्या किंवा फ्रिजच्या घरघरीला ते चालतं, कारण ती दिवसभर सारखी असते. पाऊस दर अर्ध्या मिनिटाला बदलतो. रिपरिपीचा नमुना सरीला लावला तर वरचा पाऊस तसाच राहतो, आणि सरीचा नमुना रिपरिपीला लावला तर बोलण्याचं वरचं टोक कापलं जातं.

मी ट्रॅकचे पावसाच्या जोराप्रमाणे तुकडे पाडले. या प्रसंगात पाच झाले. प्रत्येकासाठी एक-दोन सेकंदांची अशी जागा शोधली, जिथे बोलणं नाही, श्वास नाही, सुपाचा आवाज नाही. सुपातले तांदूळ फार फसवे असतात. त्यांची सळसळ पावसासारखीच दिसते. ती नमुन्यात गेली तर आजीच्या हातातलं सूप मुकं होतं.

किती दाबायचं? जास्त झालं हे कसं ओळखायचं?

६ ते १० डेसिबल. मी इथे ८ घेतलं आणि तेही एकदम न घेता चार-चारच्या दोन फेऱ्यांत. त्याआधी ९० हर्ट्झच्या खालचा भाग कापला. तिथे पत्र्याचं आणि वाशांचं धडधडणं असतं, आजीच्या आवाजाचं काही नसतं.

जास्त झाल्याची खूण सगळे सांगतात ती अशी, की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि मागे बारीक किणकिण ऐकू येते. पण मराठीत त्याच्याही आधी एक खूण मिळते. महाप्राण व्यंजनं ऐका. ख, फ, थ यांतला 'ह' म्हणजे नुसती हवा, आणि ती हवा सॉफ्टवेअरला पावसासारखीच दिसते. आजीचं एक वाक्य होतं, "खालच्या घरातनं फणस आणला, भाजी थोडी ठेवलीय." १६ डेसिबल दाबून बघितलं तेव्हा ते ऐकू आलं, "कालच्या घरातनं पणस आणला, बाजी तोडी टेवलीय." खालचं घर कालचं झालं. आठवर आणल्यावर 'ख' परत आला.

सगळ्यात खात्रीची तपासणी म्हणजे जे काढलं तेवढंच ऐकणं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरच्या Noise Reduction मध्ये Residue निवडा. काढलेल्या भागात फक्त पाऊस ऐकू आला तर ठीक. कुजबुजल्यासारखे शब्द ओळखू आले तर तुम्ही पावसाबरोबर बोलणंही फेकता आहात.

आणि हे ऐकताना मधेच थांबून दहा मिनिटं बाहेर जाऊन या. तासभर तोच पाऊस ऐकल्यावर कान त्याला सरावतो आणि मग हात दाबतच सुटतो.

मग मधल्या जागांवर गेट लावून पाऊस बंदच केला तर?

गेट म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज पुरता बंद करणारं अवजार. पहिल्या काही कामांत मी तेच केलं होतं आणि ते सगळं पुन्हा करावं लागलं. गेट मिटलं की शांतता होते आणि शब्द सुरू झाला की त्याच्याबरोबर पाऊस आत येतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धा क्षण पाऊस उरतो आणि तुटतो. मूळ रेकॉर्डिंग याहून ऐकायला सुखद असतं.

फारच गरज पडली तर एक्स्पँडरने, म्हणजे बंद न करता नुसतं खाली घेणाऱ्या गेटने, मधल्या जागा आणखी ३ डेसिबल खाली घ्या आणि सोडण्याचा वेळ लांब ठेवा. त्यापुढे जाऊ नका.

महागडं सॉफ्टवेअर नाही. फुकटात होईल का?

घोषापुरतं होईल. ऑडॅसिटीत नमुन्याची जागा निवडून Get Noise Profile दाबा, मग तुकडा निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडा आणि Noise reduction (dB) मध्ये ४ किंवा ५ घाला, आणि वर सांगितल्याप्रमाणे अशा दोन फेऱ्या मारा. पुढच्या तुकड्याला नवा नमुना.

बऱ्याच फाईली असतील तर एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या अवजाराने पहिली फेरी मारता येते:

```
ffmpeg -i samvad.wav -af "highpass=f=90,afftdn=nr=8:nf=-40:tn=1" -c:a pcm_s24le samvad_saaf.wav
```

इथे `nr` म्हणजे किती दाबायचं, `nf` म्हणजे पावसाची पातळी साधारण कुठे आहे, आणि `tn=1` मुळे पाऊस कमीजास्त झाला तर ते मागोवा घेतं. याच ओळीत `tn=1` नंतर `:om=n` जोडलंत आणि शेवटच्या फाईलचं नाव बदललंत तर काढलेला भागच त्या फाईलमध्ये मिळतो. वर सांगितलेली तपासणी त्यावर करा. मूळ फाईल मात्र कधी पुसू नका.

एका बटणात संवाद वेगळा काढून देणारी अवजारंही मिळतात. ती मी वापरतो, पण पूर्ण टोकाला नेत नाही. त्यातून निघालेला आवाज आणि मूळ आवाज मिसळून ठेवतो. त्यांनी पाऊस फारच छान काढला की खोलीचा घुमाराही जातो आणि आजी माजघरात बसलेली न वाटता डबिंगच्या खोलीत बसलेली वाटते.

साफ केल्यावर तुम्ही पुन्हा पाऊस का घालता?

कारण संकलनात दर दोन-चार सेकंदांनी दृश्य तुटतं. आजीवरचा शॉट रिपरिपीतला, नातवावरचा अर्ध्या तासाने घेतलेला. डिनॉइजनंतरही प्रत्येक तुकड्याखाली थोडा पाऊस उरतो आणि तो वेगवेगळा असतो. या खाचा बुजवायला सलग पावसाचा एक थर लागतो.

त्याच घरात, त्याच माइकने, सगळ्यांना गप्प बसवून घेतलेला दोन मिनिटांचा पाऊस मिळाला तर सोनं. आम्हाला तो मिळाला होता. साफ केल्यावर संवादाखालचा पाऊस उणे ४७ च्या आसपास होता. त्यावर हा सलग थर उणे ४२ वर अंथरला आणि प्रत्येक तुकड्याच्या कडा एकमेकींत विरघळवल्या. उरलेला पाऊस या थराखाली झाकला गेला.

पाऊस कमी करायचा आणि परत घालायचा हे उलटं वाटतं, पण त्यात एक मोठा फरक आहे. संवादाबरोबर आलेला पाऊस आजीच्या तोंडातूनच येतो, म्हणजे मधल्या स्पीकरमधून. आपण घातलेला पाऊस डावी-उजवीकडे पसरवता येतो. आवाज एका दिशेने आणि पाऊस दुसऱ्या दिशेने आला की कान त्यांना सहज वेगळं करतो, आणि तेवढ्याच पावसात शब्द जास्त स्पष्ट लागतात. शिवाय या थरात २ ते ४ हजार हर्ट्झचा पट्टा थोडा खाली घेतला की व्यंजनांना जागा मिळते. मिसळलेल्या मूळ आवाजात हे करता आलं नसतं. हे मिश्रण मोबाईलच्या स्पीकरवरही ऐकून बघा, कारण तिथे डावं-उजवं जवळपास नाहीसं होतं. तिथे शब्द बुडत असतील तर थर आणखी दोन डेसिबल खाली घ्या.

दृश्यात पाऊसच नसेल तर?

अंगणात ऊन दिसतंय आणि आवाजात पत्रा वाजतोय, अशा वेळी झाकायला काही उरत नाही. १५ डेसिबलचं अंतर असूनही तिथे डबिंगचा विचार करा. गोष्टीत बसत असेल तर दिग्दर्शकाला विचारून प्रसंगच पावसाळी ठेवता येतो का बघा. खिडकीबाहेरचा एक ओला शॉट पुष्कळदा सगळं सोडवतो.

सरीतल्या चाळीस सेकंदांचं काय झालं?

ती वाक्यं नव्याने घेतलेली होती, म्हणून वाचली. शॉट संपताच ध्वनिमुद्रकाने आजीला आणि नातवाला शेजारच्या स्लॅबच्या घरात नेलं होतं. कोपऱ्यात दोन गाद्या उभ्या केल्या, आजीला खाली बसवलं, सूप हातात दिलं आणि तीच वाक्यं नुसत्या आवाजात तीनदा घेतली. सूप हातात दिल्याने तिचा बोलण्याचा वेग तोच राहिला. शब्द ओठांवर बसवताना मला फार थोडी ओढाताण करावी लागली. एक वाक्य बसलंच नाही, तेव्हा तिथे संकलकाने नातवाचा चेहरा ठेवला.

गाडीत बसून वाक्यं घेऊ असं काही जण सुचवतात. पावसात गाडीचं छप्परही पत्राच असतं.

पुढच्या वेळी शूटिंगलाच काय करता येईल?

थेंब आणि पत्रा यांच्यामध्ये मऊ काहीतरी आणा. नुसती ताडपत्री टाकू नका, ताणलेली ताडपत्री स्वतःच ताशासारखी वाजते. गोणपाटात पेंढा भरून, किंवा नारळाच्या झापांचे दोन-तीन थर पत्र्यावर बांधले तर आघात मरतो. सगळं छप्पर झाकायची गरज नाही, कॅमेऱ्यासमोरच्या माणसांच्या डोक्यावरचा भाग पुरे. मात्र ओल्या पत्र्यावर माणूस चढवू नका. सिमेंटचे जुने पत्रे तर वजनाने फुटतात. हे काम कोरड्यात, शिडीवरून, आदल्या दिवशी व्हावं.

बूम वरूनच धरा. खालून वर रोखलात तर त्याचं तोंड थेट पत्र्याकडे होतं.

आणि लेपल लावल्यावर कलाकाराला एकदा त्याच पावसात पूर्ण वाक्य बोलायला लावून मीटर बघा. अंतर १० च्या खाली गेलं की शॉट थांबवायला सांगा. सर बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते.